एकच ड्राइव्ह, दोनदा फुटलेलं मॉड्यूल: आयजीबीटीची वरची आणि आतली बाजू

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या सँड प्लांटवर धूळ ओढणारा ब्लोअर आहे. त्याला ३० एचपीची, म्हणजे २२ किलोवॅटची मोटर आणि तेवढ्याच क्षमतेचा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह. हा ड्राइव्ह माझ्याकडे आला तेव्हा त्यातलं आयजीबीटी मॉड्यूल, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारे सहा स्विच असलेला ठोकळा, दोनदा फुटलेलं होतं. पहिलं मॉड्यूल काही वर्षं व्यवस्थित चालून मे महिन्यात गेलं. दुसऱ्या दुरुस्तीवाल्याने त्याच रेटिंगचं नवं मॉड्यूल बसवलं, ड्राइव्ह टेबलावर छान चालला, प्लांटवर नेल्यावरही सकाळभर चालला आणि दुपारी भर लोडवर फुटला.

मालकांचं म्हणणं सरळ होतं: बाजारात डुप्लिकेट मॉड्यूल येतात, त्यातलंच एक गळ्यात पडलं. तसं कधी कधी होतंही. पण दोन्ही फुटलेली मॉड्यूल उघडून शेजारी ठेवली तेव्हा खुणाच वेगळ्या दिसल्या. पहिलं आयजीबीटीच्या आतल्या बायपोलर स्वभावामुळे गेलं होतं, दुसरं त्याच्या मॉसफेटसारख्या गेटमुळे. एकाच ड्राइव्हमध्ये या दोन्ही बाजू इतक्या स्वच्छ वेगळ्या पाहायला मिळणं दुर्मीळ, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो.

आधी थोडं उपकरणाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ४१५ व्होल्टचा थ्री फेज सप्लाय रेक्टिफाय केला की डीसी बस साधारण ५८७ व्होल्टची होते. स्विचिंगच्या उड्या आणि ब्रेकिंगच्या वेळी चढणारी बस धरून इथे १२०० व्होल्टचा स्विच लागतो. एवढा व्होल्टेज अडवायचा तर सिलिकॉनमध्ये जाड आणि अगदी हलकं डोपिंग केलेला थर ठेवावा लागतो, आणि तोच थर चालू अवस्थेत करंटला अडथळा करतो. मॉसफेटमध्ये करंट फक्त इलेक्ट्रॉन वाहून नेतात, त्यामुळे १२०० व्होल्टच्या सिलिकॉन मॉसफेटचा चालू अवस्थेतला रोध फार मोठा येतो. आयजीबीटीत कलेक्टरच्या बाजूला एक पी थर जास्तीचा असतो. गेटला १५ व्होल्ट दिले की वरच्या मॉसफेटच्या चॅनेलमधून इलेक्ट्रॉन आत शिरतात, आणि त्यांना उत्तर म्हणून खालच्या पी थरातून होल वर ओतले जातात. हलकं डोपिंग असलेला थर दोन्ही प्रकारच्या वाहकांनी भरून जातो आणि त्याचा रोध कोसळतो. १०० अँपिअरच्या मॉड्यूलला पूर्ण करंटवर दोन व्होल्टच्या आसपास ड्रॉप मिळतो तो या भरावामुळे.

पहिल्या पिढीत यात एक मोठी अडचण होती. आयजीबीटीच्या चार थरांमध्ये एक थायरिस्टर लपलेला असतो. करंट जास्त झाला की तो लॅच व्हायचा, म्हणजे चालू अवस्थेतच अडकायचा, आणि मग गेटचं काही चालायचं नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये जयंत बालिगा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे उपकरण उभं केलं, आणि तोशिबाच्या अकिओ नाकागावा यांनी १९८४ साली लॅच न होणारी रचना दाखवली. आज आपण गेटवर विश्वास टाकून शॉर्ट सर्किटमध्येही स्विच बंद करू शकतो, तो त्या कामामुळे.

आता मुख्य मुद्दा. गेट बंद केला की चॅनेल लगेच बंद होतं आणि इलेक्ट्रॉनचा ओघ थांबतो. पण आत भरलेले होल गेटच्या हुकमात नाहीत. पाटाचं दार पाडलं तरी पाटात भरलेलं पाणी वाहून जायला वेळ लागतो, तसे ते होल एकतर वाढत्या व्होल्टेजने ओढले जातात किंवा आतच इलेक्ट्रॉनशी जुळून विरतात. स्कोपवर करंट आधी एकदम खाली येतो आणि मग तळाशी एक लांब शेपटी ओढत शून्याकडे जातो. शेपटीतला करंट थोडासाच असतो, पण तेव्हा स्विचवर पूर्ण ५८७ व्होल्ट चढलेले असतात, म्हणून तेवढ्यातही भरपूर उष्णता होते. सिलिकॉन तापला की वाहकांचं आयुष्य वाढतं आणि शेपटी आणखी लांबते. गेट रेझिस्टर कितीही लहान केला तरी ही शेपटी फारशी कमी होत नाही, कारण ती गेटची गोष्टच नाही.

पहिल्या मॉड्यूलचा माग इथेच लागला. ड्राइव्हचे पॅरामीटर काढून पाहिले तर कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे स्विच सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतात तो आकडा, १२ किलोहर्ट्झ होती. कंपनीकडून येताना ती ४ असते. विचारल्यावर मेंटेनन्सचे मामा म्हणाले, "मोटर शिट्टीगत वाजत हुती. हाफिस शेजारीच हाय, साहेब तक्रार करायचे. त्या पोरानं सेटिंग बदललं, आवाज गेला."

आवाज गेला हे खरं. चार किलोहर्ट्झचा आवाज कानाला टोचतो, बाराचा बहुतेकांना जाणवत नाही. पण प्रत्येक सायकलला एकदा चालू आणि एकदा बंद होताना जी ऊर्जा जळते, ती आता सेकंदाला तिप्पट वेळा जळू लागली. किती, ते डेटाशीटवरून काढता येतं. साइन लहरीचा करंट धरला तर एका आयजीबीटीचा स्विचिंग लॉस साधारण असा येतो:

```
P = f × E × (I / Iref) × (V / Vref) / π
```

इथे E म्हणजे डेटाशीटमध्ये Iref आणि Vref या स्थितीला दिलेली चालू आणि बंद होण्याची एकत्रित ऊर्जा. या वर्गातल्या १०० अँपिअर, १२०० व्होल्ट मॉड्यूलला १२५ अंशावर ती १६ मिलिज्यूलच्या आसपास धरली. मोटरचा करंट ४० अँपिअर, म्हणजे शिखर ५७. हे सगळं टाकलं की ४ किलोहर्ट्झला एका आयजीबीटीत साधारण ११ वॅट आणि १२ ला ३४ वॅट येतात. चालू अवस्थेतल्या ड्रॉपमुळे होणारा लॉस दोन्ही वेळा २० वॅटच राहतो. म्हणजे ज्या चिपमध्ये ३१ वॅट तयार होत होते, तिथे ५४ होऊ लागले. सोबतच्या डायोडलाही रिकव्हरीचा लॉस असतो, तोही फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो. तो धरून सहा स्विचचं मिळून आधी सुमारे २५० वॅट होतं, ते ४५०च्या जवळ गेलं. हीटसिंक मात्र तोच. बहुतेक ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये कॅरिअर वाढवला की आउटपुट करंट किती टक्क्यांनी कमी धरायचा याचा आलेख दिलेला असतो. तो आलेख याच हिशोबातून येतो, आणि तो कुणी पाहिला नव्हता.

त्यात फाउंड्रीची धूळ. हीटसिंकच्या पात्यांमध्ये वाळू आणि कोळशाची काळी पूड चिकटून बसली होती, पंखा फिरत होता पण हवा अर्धीही जात नव्हती. स्वच्छ असताना दर वॅटला ०.१ अंश चढणारा सिंक अशा अवस्थेत ०.१५ अंश चढतो असं धरलं, तर पॅनेलमधल्या ४८ अंश हवेवर ४५० वॅट म्हणजे सिंक ११५ अंशांवर. तिथे पोचण्याआधीच, १०० अंशांच्या आसपास, ड्राइव्ह ओव्हरहीट दाखवून ट्रिप व्हायचा. मे महिन्यात तो रोज अनेकदा ट्रिप होत होता. ऑपरेटर दहा मिनिटं थांबून रिसेट मारायचा.

मॉड्यूलला मारलं ते या रिसेटनी. सिंकवरचा सेन्सर सिंकचं तापमान सांगतो, चिपचं नाही. चिप त्याच्याहून बरीच वर असते, आणि किती वर हे त्या क्षणीच्या लॉसवर ठरतं. पूर्ण लोडवर स्थिर चालताना ती साधारण २० अंश वर होती. पण ब्लोअरचं चाक जड आहे आणि अॅक्सिलरेशनचा वेळ फक्त आठ सेकंद ठेवलेला होता, त्यामुळे सुरू होताना करंट दीडपट जायचा. शिवाय सुरुवातीला आउटपुट फ्रिक्वेन्सी दोन-तीन हर्ट्झच असते, म्हणजे एकाच आयजीबीटीला करंटचं शिखर बराच वेळ एकट्याने पेलावं लागतं. पन्नास हर्ट्झला तापमान सरासरी होऊन जातं, तिथे होत नाही. ९५ अंशांच्या सिंकवर असं सुरू केलं की चिप १५० अंशांच्या मर्यादेला जाऊन टेकते. ऑपरेटरने गरम ड्राइव्ह सुरू केला की दर वेळी चिपला हा एक झटका बसत होता.

चिपवर ॲल्युमिनियमच्या जाड तारा अल्ट्रासोनिकने दाबून जोडलेल्या असतात. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून प्रत्येक झटक्याला तारेच्या पायाशी थोडी थोडी चीर वाढते. एक पाय सुटला की त्याचा करंट उरलेल्या तारांवर जातो आणि त्याही लवकर सुटतात. पहिल्या मॉड्यूलमध्ये फुटलेल्या फेजची चिप जळून काळी झाली होती, तिच्याकडून काही कळण्यासारखं नव्हतं. पण शेजारच्या फेजवर पारदर्शक जेल शाबूत होतं. टॉर्च तिरपा धरून भिंगातून पाहिलं तर एका चिपवर दोन तारांचे पाय सपाट बसलेले नव्हते, खालून बारीक काळी फट दिसत होती. खात्रीसाठी गेटला १५ व्होल्ट देऊन ५० अँपिअर सोडले. चांगल्या चिपवर १.४५ व्होल्ट ड्रॉप आला, या चिपवर १.५८. ड्रॉप ५ टक्के वाढला की तारा सुटू लागल्या असं धरतात. इथे तो ९ टक्के होता. जी चिप फुटली ती या वाटेवर हिच्या पुढे होती, इतकंच.

दुसरं मॉड्यूल वेगळंच दिसत होतं. तारा सगळ्या जागच्या जागी, जेल स्वच्छ, आणि फक्त यू फेजच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन चिपवर मधोमध वितळलेले खड्डे. वर आणि खाली दोन्ही एकाच वेळी जळणं म्हणजे शूट थ्रू. एका फेजचे दोन्ही स्विच एकदम चालू झाले आणि बसच्या कपॅसिटरने आपली सगळी साठवण त्यांच्यातून ओतली.

कंट्रोल कार्ड दोघांना एकदम चालू करणार नाही, मध्ये तीन मायक्रोसेकंदांचा डेड टाइम असतो. मग चालू कुणी केलं? इथे आयजीबीटीची वरची बाजू, म्हणजे मॉसफेटचा गेट, पुढे येते. गेट हा करंट न घेणारा कपॅसिटर आहे, म्हणून त्याला चालवायला ताकद कमी लागते. पण त्याचा एक छोटा भाग थेट कलेक्टरकडे जोडलेला असतो, त्याला मिलर कपॅसिटन्स म्हणतात. खालचा स्विच चालू होताना फेजचा बिंदू ५८७ व्होल्टवरून शून्याकडे पडतो, म्हणजे बंद असलेल्या वरच्या स्विचवर तेवढाच व्होल्टेज एकदम चढतो. नॅनोसेकंदाला ५ व्होल्टचा वेग आणि उंच व्होल्टेजला ०.१ नॅनोफॅरड धरला तर गेटमध्ये अर्धा अँपिअर ढकलला जातो. तो बाहेर जातो गेट रेझिस्टरमधून, मॉड्यूलच्या आतला धरून १४ ओहम. नुसत्या गुणाकाराने ७ व्होल्ट येतात. गेटची स्वतःची कपॅसिटी काही भाग गिळते, म्हणून प्रत्यक्षात उसळी ५ व्होल्टच्या आसपास राहते.

ड्राइव्ह बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणूनच बंद ठेवताना गेटला शून्यावर न ठेवता उणे ८ व्होल्टवर ठेवतात. उणे ८ मध्ये ५ मिळवले तरी उणे ३, चिंता नाही.

मी मॉड्यूल काढून ठेवलं, पॉवर सप्लायला बाहेरून डीसी दिला आणि सहाही गेटवर स्टॉप अवस्थेतला व्होल्टेज मोजला. पाच ठिकाणी उणे ७.८ ते उणे ८.१. यू फेजच्या वरच्या गेटवर उणे ०.२. वरच्या तिन्ही स्विचना प्रत्येकी स्वतंत्र सप्लाय असतो, आणि या सप्लायच्या उणे बाजूचा ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकून गेला होता. त्याच्याबरोबरचा झेनर शॉर्ट होता. पहिलं मॉड्यूल फुटलं तेव्हा कलेक्टरचा व्होल्टेज गेटमार्गे कार्डात शिरला असणार, कारण तिथला गेट रेझिस्टरही मूळ मूल्यापेक्षा दीडपट झाला होता. मॉड्यूल बदलणाऱ्याने मल्टीमीटरवर रेझिस्टर ओपन नाही एवढं पाहून पुढचं गृहीत धरलं. आयजीबीटी फुटला की त्याच्या गेटची प्रत्येक वस्तू मोजून मगच नवं मॉड्यूल बसवावं. माझ्या मते ही मोजणी टाळणं ही ड्राइव्ह दुरुस्तीतली सगळ्यात महागात पडणारी सूट आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. उणे ८ च्या जागी जवळजवळ शून्य असताना ड्राइव्ह टेबलावर आणि सकाळभर चालला कसा? उत्तर थ्रेशोल्डमध्ये, म्हणजे ज्या व्होल्टेजला गेट स्विच उघडू लागतो त्यात आहे. थंड असताना या गेटचा थ्रेशोल्ड ५.८ व्होल्टच्या आसपास असतो, ५ व्होल्टची उसळी त्याखाली राहते. चिप १२५ अंशांवर गेली की थ्रेशोल्ड साधारण एक व्होल्टने खाली येतो, ४.७ ला. आता तीच उसळी वर जाते आणि बंद असलेला स्विच क्षणभर अर्धवट उघडतो. आणि एकदा उघडला की बायपोलर बाजू जागी होते: होल आत शिरतात, आणि उसळी ओसरल्यावरही ते विरेपर्यंत करंट चालू राहतो. मॉसफेट असता तर गेटबरोबर बंद झाला असता. इथे गेटची छोटीशी चूक आतल्या भरावाने लांबवली जाते. कॅरिअर अजूनही १२ किलोहर्ट्झ होता, म्हणजे सेकंदाला बारा हजार वेळा हे घडत होतं आणि प्रत्येक वेळी चिप थोडी जास्त तापत होती. दुपारपर्यंत पुरलं.

हे नुसतं कागदावर ठेवायचं नव्हतं. नवं मॉड्यूल बसवून, कपॅसिटर, झेनर आणि गेट रेझिस्टर मुद्दाम तसेच खराब ठेवून, सिरीज लॅम्पवर टेस्ट घेतली. बसचे मोठे कपॅसिटर आणि मॉड्यूल यांच्यामधली पट्टी काढली आणि तिथे १०० वॅटचे तीन बल्ब एकापाठी एक जोडले. एक बल्ब २३०चा, म्हणून ५८७ व्होल्टला तीन लागतात. मोटर न जोडता ड्राइव्ह रन केला. बल्ब विझलेले. मग हीट गनने सिंक तापवत नेला. सिंक ९० अंशांच्या पुढे गेल्यावर बल्बची तार लालसर झाली, आणि थंड होऊ दिल्यावर परत विझली. मोटर जोडलेली नाही, तरी करंट जातोय, म्हणजे तो एका फेजमधून सरळ खाली जातोय. कपॅसिटर, झेनर आणि गेट रेझिस्टर बदलल्यावर त्याच तापमानाला बल्ब काळेच राहिले. सिरीज लॅम्पची टेस्ट सगळेच घेतात, पण थंड मॉड्यूलवर. मिलरचा दोष असेल तर थंड टेस्ट पास होते. बल्बमुळे करंट मर्यादित असतो म्हणूनच मॉड्यूल गरम करून ही टेस्ट निर्धास्त घेता येते. फक्त बसवर ५८७ व्होल्ट आहेत हे विसरून त्या पट्टीजवळ हात नेऊ नये, आणि बंद केल्यावर कपॅसिटर उतरल्याचं मीटरवर पाहिल्याशिवाय काहीही सोडवू नये.

बाकीच्या गेट सप्लायचे कपॅसिटरही बदलले. ते मोजमापात चांगले होते, पण वय तेच आणि त्यांनी सोसलेली उष्णताही तीच. हीटसिंक उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने आणि ब्रशने साफ केला, थर्मल पेस्ट पुसून पातळ थरात परत लावली. जाड पेस्ट लावली की उष्णता जास्त जाते असा समज पक्का आहे. पेस्ट फक्त धातूतल्या बारीक पोकळ्या भरण्यापुरती हवी, नाहीतर तीच अडथळा होते.

कॅरिअर ४ किलोहर्ट्झवर आणला आणि अॅक्सिलरेशन आठ सेकंदांवरून चाळीसवर नेलं. ब्लोअरला घाई कसलीच नसते. ऑफिसमधल्या आवाजासाठी ड्राइव्हमध्ये रँडम मॉड्युलेशनचा पर्याय होता, तो चालू केला. त्यात स्विचिंगच्या वेळा थोड्या पुढेमागे होतात, त्यामुळे एकच टोचणारा सूर पसरून खर्र असा दबका आवाज होतो आणि एकूण लॉस जवळपास तोच राहतो. तरी साहेबांना तो आवाज नको असेल तर उपाय आउटपुटला साइन फिल्टर लावणं हा आहे, आणि त्याला पैसे पडतात. सिलिकॉन कार्बाइड मॉसफेटचे ड्राइव्ह आता मिळतात. त्यांत दुसऱ्या प्रकारचे वाहक नाहीत म्हणून शेपटी नाही, आणि २० किलोहर्ट्झला ते सहज चालतात. पण त्यांचा व्होल्टेज कितीतरी वेगाने चढतो, आणि जुन्या वाइंडिंगच्या इन्सुलेशनला तो झेपतोच असं नाही. या ब्लोअरसाठी मी ते सुचवलं नाही.

पॅनेलच्या दारावर आतून एक कागद चिकटवला: कॅरिअर ४, सिंकचं तापमान पूर्ण लोडवर एक तासाने ६६ अंश, हवा ४१ अंश. मामांना सांगितलं, दर महिन्याला डिस्प्लेवर हे तापमान बघा. हवेपेक्षा सिंक पस्तीस अंशांनी वर दिसू लागला तर पाती तुंबलीत, त्याच दिवशी साफ करा. आणि ओव्हरहीटला ट्रिप झाला तर रिसेट मारायच्या आधी पंखा चालू ठेवून सिंक साठच्या खाली येऊ द्या.

"आन् बॉयलर शेजारचा ड्राइव्ह?" त्यांनी विचारलं. "त्यो बी त्याच पोरानं बाराला लावलाय."

तोही त्याच दुपारी चारवर आणला.